आठ वर्षांची साक्षीदार: कोर्ट काय विचारतं आणि कागदावर काय उतरतं

लहान मुलाच्या साक्षीची फाइल उघडली की पहिल्या पानावर बहुतेक वेळा अशी नोंद सापडते: ‘साक्षीदार अज्ञान आहे. त्याला प्रश्न विचारले. त्याला शपथेचे महत्त्व समजते. शपथ देण्यात आली.’ कोणते प्रश्न विचारले आणि मूल काय म्हणालं, याचा पत्ता नसतो. खालच्या कोर्टात कुणाला त्यात वावगं वाटत नाही, कारण मूल समोर असतं आणि न्यायाधीशांनी त्याला पाहिलेलं असतं. पुढे चार-पाच वर्षांनी अपील उभं राहतं तेव्हा उच्च न्यायालयापुढे मूल नसतं, फक्त हे पान असतं. त्यावरून मूल खरंच समजून बोलत होतं की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही.

मुलांना साक्षीसाठी घेऊन जाणं, त्यांच्याजवळ बसणं आणि साक्ष संपली की घरी पोहोचवणं हे आमचं काम. महाराष्ट्रातल्या सत्र न्यायालयांत हे कसं चालतं, ते इथे एका उदाहरणातून सांगतो. उदाहरणातली मुलगी कुणी एक खरी मुलगी नाही. आठ वर्षांची आहे, तिसरीत शिकते. चौदा महिन्यांपूर्वी घरात वडिलांनी आईला मारलं आणि ते तिने पाहिलं, असा खटला आहे. दुसरा प्रत्यक्षदर्शी नाही. घरातल्या खुनांमध्ये ही परिस्थिती वारंवार येते, कारण रात्री दार लावून घेतलेल्या घरात मुलांशिवाय दुसरं कोण असणार?

पहिला गैरसमज वयाचा. ‘एवढ्या लहान पोरीची साक्ष चालते का?’ हे नातेवाईकच नाही, कधीकधी पोलीसही विचारतात. कायद्यात किमान वय नाही. जुन्या पुरावा कायद्याचं 118 वं कलम आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 124 वं कलम एकच गोष्ट सांगतात: प्रत्येक व्यक्ती साक्ष द्यायला सक्षम असते. अपवाद एवढाच की कोवळं वय, म्हातारपण, आजार अशा कारणाने तिला प्रश्न समजत नाहीत किंवा समंजस उत्तर देता येत नाही, असं कोर्टाला वाटलं तर. म्हणजे पाहायच्या गोष्टी दोनच आहेत. प्रश्न कळतो का, आणि त्याला धरून उत्तर येतं का. हुशारी, पाठांतर, देवावरची श्रद्धा यांतलं काही कलमात नाही.

शपथेचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे आणि इथेच दोन्हींची सरमिसळ होते. 1969 च्या शपथ अधिनियमात बारा वर्षांखालच्या मुलांसाठी खास तरतूद आहे. खरं बोललं पाहिजे हे मुलाला कळतं, पण शपथ म्हणजे काय हे कळत नाही, असं कोर्टाचं मत झालं तर शपथ न देता साक्ष घेता येते. तशी साक्ष त्या कारणाने बाद होत नाही आणि खरं बोलण्याचं बंधनही सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1952 साली रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य या निकालात हे स्पष्ट केलं. तिथली मुलगीही आठच वर्षांची होती. तिला शपथ समजत नाही म्हणून दिली नाही, एवढं त्या न्यायाधीशांनी नोंदवलं होतं. खरं बोलायचं असतं हे तिला समजतं, हे नोंदवायचं राहून गेलं होतं. साक्ष टिकली. पण न्यायाधीशांनी ही दुसरी गोष्ट नेहमी लिहावी आणि तसं का वाटलं तेही लिहावं, असं सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच सांगून ठेवलं.

आता साक्षीच्या आधीचे दिवस. समन्स येतं ते मूल ज्यांच्याकडे राहतं त्यांच्या हातात. आपल्या उदाहरणातली मुलगी मामाकडे आहे. ती आजोबांकडे, म्हणजे वडिलांच्या घरी असती, तर गोष्ट फार वेगळी झाली असती. तिथली मुलं अनेकदा पिंजऱ्यात उभी राहून एक शब्दही बोलत नाहीत. मामाकडच्या मुलांचा धोका उलटा असतो. समन्स आलं की घरातले सगळे तिला बसवून ‘काय सांगशील, म्हणून दाखव’ करायला लागतात. हे थांबवणं हे आमचं पहिलं काम. मामाला आम्ही स्पष्ट सांगतो: त्या रात्रीबद्दल तिला काही विचारू नका, पोलिसांनी लिहिलेला जबाब तिला वाचून दाखवू नका, ती स्वतःहून बोलली तर ऐकून घ्या आणि दुरुस्त्या करू नका. माणूस प्रेमानेच चुकतो इथे. बहीण गेलेली असते, भाचीने नीट सांगावं एवढंच त्याच्या मनात असतं.

आम्ही स्वतःही घटनेबद्दल काही बोलत नाही. तयारी करायची ती जागेची, माणसांची आणि नियमांची. साक्षीच्या आधी एक दिवस, शक्यतो कोर्ट उठल्यावर, तिला खोली दाखवतो. न्यायाधीश कुठे बसतात, टाइप करणारे कुठे बसतात, कोण प्रश्न विचारेल, पाणी कुठे आहे, बाथरूम कुठे आहे, मी कुठे बसेन. मग नियम. नियम सांगून मुलाला कळत नाहीत, ते करून घ्यावे लागतात. ‘माझ्या काकूचं नाव काय?’ असं विचारलं की बहुतेक मुलं काहीतरी नाव ठोकून देतात. मोठ्या माणसाने विचारलं म्हणजे उत्तर दिलंच पाहिजे, हे शाळेने शिकवलेलं असतं. मग सांगायचं, ‘तू माझ्या काकूला पाहिलंच नाहीस, मग तुला कसं माहीत असेल? अशा वेळी माहीत नाही म्हणायचं.’ दोन-तीन वेळा असं खेळलं की मूल सैलावतं. ‘कळलं नाही’ आणि ‘तुम्ही चुकीचं म्हणालात’ हेही असंच म्हणून घ्यायचं. मुद्दाम म्हणायचं, ‘तू पाचवीत आहेस ना?’ आणि तिने ‘नाही, तिसरीत’ म्हटलं की तिला शाबासकी द्यायची. उलटतपासात याचाच उपयोग होतो.

साक्षीच्या दिवशी सगळ्यात जास्त नुकसान करतं ते ताटकळणं. सकाळी अकराला बोलावलेलं मूल दुपारी साडेतीनला साक्षीला बसलं तर दमलेलं, भुकेलेलं आणि रडकुंडीला आलेलं असतं. त्याच वऱ्हांड्यात बेड्या घातलेला बाप पोलिसांबरोबर समोरून जातो. म्हणून सरकारी वकिलांना आदल्या दिवशीच विनंती करून मुलाची साक्ष पहिली लावून घ्यावी लागते आणि मुलाला वेगळ्या दाराने आणावं लागतं. असुरक्षित साक्षीदारांसाठी जिल्ह्या-जिल्ह्यांत जी साक्ष केंद्रं उभी राहिली त्यांचा मोठा फायदा हाच: वेगळं प्रवेशद्वार, वेगळी बसायची खोली. ही केंद्रं उभी करण्याचे सर्वोच्च न्यायालयाचे दोन महत्त्वाचे आदेश महाराष्ट्रातल्याच प्रकरणांतून आले. 2017 साली बंडू ऊर्फ दौलत याच्या खटल्यात, प्रत्येक उच्च न्यायालयाच्या हद्दीत निदान दोन केंद्रं असावीत, असं सांगितलं गेलं. 11 जानेवारी 2022 च्या आदेशाने ती प्रत्येक जिल्ह्यात उभारायला सांगितली आणि न्यायमूर्ती गीता मित्तल यांच्याकडे देखरेखीची समिती दिली.

इथे एक भेद सांगणं जरूर आहे. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पोक्सो कायद्यात मुलांसाठी बरंच काही सक्तीचं आहे. 33 व्या कलमाप्रमाणे दोन्ही बाजूंच्या वकिलांनी प्रश्न कोर्टाला सांगायचे आणि कोर्टाने ते मुलाला विचारायचे, मध्ये मध्ये विश्रांती द्यायची, मुलाला पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही. 36 व्या कलमाप्रमाणे मुलाला आरोपी दिसू द्यायचा नाही, 37 व्या कलमाप्रमाणे सुनावणी बंद खोलीत, विश्वासाच्या माणसासमोर घ्यायची. आपली मुलगी मात्र खुनाच्या खटल्यातली साक्षीदार आहे. पोक्सो तिला लागू नाही. असुरक्षित साक्षीदारांच्या योजनेत अठराखालचं प्रत्येक मूल येतं, म्हणून केंद्र, पडदा, सोबतीचं माणूस हे तिला मिळू शकतं. पण त्यासाठी सरकारी वकिलांनी आधी अर्ज द्यावा लागतो. अर्ज दिला नाही तर ती थेट नेहमीच्या कोर्टात, मोठ्यांच्या लाकडी पिंजऱ्यात, बापापासून दहा-बारा फुटांवर उभी राहते. आम्ही पाहिलेल्या फसलेल्या साक्षींपैकी बऱ्याच या एका न दिलेल्या अर्जामुळे फसल्या.

आरोपीपासून आड ठेवलं तर त्याचा हक्क जात नाही का? नाही. आरोपीला साक्ष ऐकता आली पाहिजे, पाहता आली पाहिजे आणि वकिलाशी बोलता आलं पाहिजे. समोरासमोर डोळ्यांत डोळे घालून बसलंच पाहिजे असं नाही. 2003 साली महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या निकालात सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घेतलेली साक्ष ही आरोपीच्या उपस्थितीतच घेतलेली साक्ष मानली. म्हणून कॅमेरा सुरू झाला की आरोपीच्या वकिलांना विचारून ‘आरोपीला चित्र दिसते व आवाज नीट ऐकू येतो’ ही ओळ नोंदवून घ्यावी. मध्ये आवाज गेला तर साक्ष थांबवायची आणि तेही लिहायचं. हे राहिलं की अपिलात तेच हत्यार होतं. मुलीच्या बाजूने दोन गोष्टी बघायच्या: तिच्या समोरच्या पडद्यावर आरोपीची खोली दिसत नाही ना, आणि तिचं स्वतःचं चित्र बंद आहे ना. स्वतःला पाहत बसलं की मुलं केस सारखे करतात, उत्तर विसरतात. जिथे केंद्र नाही तिथे हिरवा कापडी पडदा लावतात. तो जमिनीपर्यंत पोहोचायला हवा. खालून वडिलांची चप्पल दिसली किंवा ओळखीचा खोकला ऐकू आला की मूल गोठतं. पडदा छोटा असेल तर खुर्चीची दिशा बदलणं हा साधा उपाय आहे. आरोपीची ओळख पटवायची ती सगळ्यात शेवटी, क्षणभर. सुरुवातीला घेतली तर पुढची साक्ष हातची जाते.

आता योग्यतेची विचारणा. ही फक्त न्यायाधीशांनी करायची असते. त्यासाठी तीन-चार गोष्टी तपासल्या की पुरतं: आठवून सांगता येतं का, सांगितलेलं दुसऱ्याला समजतं का, खरं-खोटं कळतं का, आणि इथे खरंच सांगायचं आहे हे कळतं का. घटनेबद्दल या टप्प्यावर काहीच विचारायचं नाही.

सगळ्यात निकामी प्रश्न म्हणजे ‘शपथ म्हणजे काय?’ आणि ‘खरं म्हणजे काय?’ व्याख्या मोठ्यांनाही जमत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला खरं आणि खोटं ओळखता येतं, पण त्याची व्याख्या करता येत नाही. हे दोन वेगळे टप्पे आहेत. ‘खोटं बोललं की देव काय करतो?’ हाही जुना लाडका प्रश्न. ‘पाप लागतं’ असं उत्तर येतं आणि साक्षीदाराला शपथेचं पावित्र्य समजतं अशी नोंद होते. त्या उत्तराने आजीने काय शिकवलं ते कळतं, मुलीला प्रश्न कळतो का ते कळत नाही. शिवाय ज्या मुलीची आई नुकतीच गेली तिला देवाच्या शिक्षेची आठवण करून देणं अमानुष आहे. काही मुलांनी त्यानंतर तोंडच उघडलेलं नाही.

चालतो तो प्रश्न हातातल्या वस्तूवरचा. न्यायाधीश लाल पेन दाखवतात. आता ‘मी म्हटलं हा पेन निळा आहे, तर मी खरं बोललो की खोटं?’ असं विचारलं तर मुलं गप्प बसतात किंवा ‘खरं’ म्हणतात, कारण समोरच्या साहेबांना खोटारडं म्हणायचं धाडस होत नाही. म्हणून तिसरा माणूस आणायचा. चांगली झालेली विचारणा कागदावर साधारण अशी दिसते:

प्रश्न: तुझं नाव काय? शाळेत कितवीत आहेस?
उत्तर: (नाव सांगते.) तिसरीत.
प्रश्न: आज सकाळी उठल्यापासून इथे येईपर्यंत काय काय केलंस?
उत्तर: उठले, दात घासले, मामीने पोहे दिले. मग मामाच्या गाडीवरून आले. ताई पण होती.
प्रश्न: मागचे गणपती कुठे होतीस?
उत्तर: मामाकडे. आमच्या गणपतीची मूर्ती छोटी होती, बाजूच्यांची मोठी होती.
प्रश्न: हा पेन कोणत्या रंगाचा आहे?
उत्तर: लाल.
प्रश्न: एका मुलीने सांगितलं की हा पेन निळा आहे. ती खरं बोलली की खोटं?
उत्तर: खोटं.
प्रश्न: माझ्या घरी मांजर आहे की कुत्रा?
उत्तर: मला नाही माहीत.
प्रश्न: इथे आपण काय करायला आलो आहोत?
उत्तर: खरं सांगायला. मी बघितलं ते.
प्रश्न: जे बघितलं तेवढंच सांगशील? नाही बघितलं तर काय म्हणशील?
उत्तर: नाही बघितलं म्हणेन.

एवढ्या आठ प्रश्नांत मागच्या गणपतीची आठवण आहे, आजची आहे, क्रम आहे, खरं-खोटं आहे आणि ‘माहीत नाही’ म्हणण्याची तयारीही आहे. वेळ दहा मिनिटं लागतो. याखाली न्यायाधीशांनी लिहायचं: वरील प्रश्नोत्तरांवरून साक्षीदारास प्रश्न समजतात, ती समंजस उत्तरे देते, खरे बोलण्याचे कर्तव्य तिला समजते, परंतु शपथेचे स्वरूप समजत नाही, म्हणून शपथ न देता साक्ष घेतली. ‘खरं सांगेन’ असं तिच्याकडून साध्या शब्दांत वदवून घेतलं तर उत्तम. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2023 मध्ये प्रदीप विरुद्ध हरियाणा राज्य या निकालात हेच बजावलं: प्रश्न आणि उत्तरं दोन्ही नोंदवली पाहिजेत, म्हणजे अपील न्यायालयाला खालच्या कोर्टाचं मत पडताळता येईल. तिथे विचारणा वरवरची झाली होती आणि शिक्षा टिकली नाही.

सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांचे पहिले प्रश्न, सुरू होतो तेव्हा खरी कसोटी टाइप करणाऱ्या टेबलावर असते. मुलगी म्हणते, ‘पप्पांनी मम्मीला लाटण्याने मारलं, मग ती उठली नाही.’ कागदावर उतरतं, ‘आरोपीने माझ्या मयत आईस लाटण्याने डोक्यावर मारहाण केली असता ती बेशुद्ध पडली.’ कुणाचा हेतू वाईट नसतो. वर्षानुवर्षं साक्षी याच भाषेत लिहिल्या गेल्या आहेत. पण ‘मयत’, ‘आरोपी’, ‘केली असता’ हे शब्द आठ वर्षांच्या तोंडी आले की वाचणाऱ्याला पोरगी पढवलेली वाटते. ‘डोक्यावर’ तर ती म्हणालीच नव्हती. तो एक शब्द पोलिसांच्या जबाबात नसेल तर बचाव पक्ष ‘आज पहिल्यांदाच सांगते आहे’ म्हणतो, आणि कागदानुसार त्यांचं बरोबरच असतं. म्हणून मुलाची साक्ष मुलाच्याच शब्दांत घ्यावी, जिथे अडचण येईल तिथे प्रश्नोत्तर रूपात. सरकारी वकिलांनी तोच आग्रह धरायला हवा. ती मध्ये थांबली, रडली, हाताने दाखवलं, तर तेही कंसात लिहायला हवं.

वेळेचे प्रश्न मुलांना फार छळतात. चौदा महिन्यांपूर्वीच्या रात्रीचे ‘किती वाजले होते?’ याचं उत्तर तिच्याकडे नाही, पण ‘जेवण झालं होतं का, टीव्ही चालू होता का, अंथरूण घातलं होतं का’ याचं आहे. ‘काल’ हा शब्द लहान मुलं गेलेल्या कुठल्याही दिवसासाठी वापरतात, आणि ‘परवा’ म्हणजे मागचा की पुढचा हे मोठ्यांनाही संदर्भावरून ओळखावं लागतं. तेव्हा तारीख पोलिसांच्या कागदांवरून सिद्ध करावी, मुलीकडून नाही.

आणि मग उलटतपास. बचाव पक्षाच्या वकिलांना साक्ष तपासण्याचा पूर्ण हक्क आहे आणि तो असायलाच हवा. बाप निर्दोषही असू शकतो. प्रश्न कसा विचारला जातो एवढाच आमचा मुद्दा आहे. मराठीत एक घात करणारी रचना आहे. वकील विचारतात, ‘तू त्या वेळी स्वयंपाकघरात गेली नव्हतीस ना?’ मुलगी म्हणते, ‘हो.’ तिच्या मनात आहे, हो, गेले होते. कागदावर उतरतं, ‘हे म्हणणे खरे आहे की, मी त्या वेळी स्वयंपाकघरात गेले नव्हते.’ एका अक्षराने साक्ष उलटली, आणि मुलीला त्याचा पत्ताही नाही. यावर उपाय त्याच क्षणी करावा लागतो: न्यायाधीशांनी पुन्हा सरळ विचारायचं, ‘तू तेव्हा कुठे होतीस?’ पोक्सोत प्रश्न कोर्टामार्फतच जातो, म्हणून हे सोपं असतं. खुनाच्या खटल्यातही साक्ष्य अधिनियमाच्या 168 व्या कलमाने न्यायाधीशांना स्वतः प्रश्न विचारता येतात. सरकारी वकिलांनी उभं राहून लक्षात आणून दिलं तर बहुतेक न्यायाधीश विचारतात. ‘हे म्हणणे खरे नाही की... नव्हते’ अशी दुहेरी नकाराची वाक्यंही तोडून घ्यावी लागतात.

दुसरा नेहमीचा प्रश्न: ‘दिवा लागला होता, हे तू पोलिसांना सांगितलं होतंस का? मग ते जबाबात का नाही?’ मोठे साक्षीदार ‘मी सांगितले होते, ते का लिहिले नाही याचे कारण मला सांगता येणार नाही’ हे ठरलेलं उत्तर देतात. आठ वर्षांच्या मुलीला मात्र वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं. ती म्हणते ‘नसेल सांगितलं’ आणि खऱ्या गोष्टीवर पाणी पडतं. जबाब तिने लिहिलेला नाही, तिने वाचलेलाही नाही. हा प्रश्न जबाब लिहिणाऱ्या पोलिसाला विचारायचा आहे.

तिसरा प्रश्न सगळ्यात निर्णायक: ‘इथे काय सांगायचं ते तुला कुणी सांगितलं?’ मुलगी प्रामाणिकपणे म्हणते, ‘मामाने.’ कोर्टात एकदम शांतता होते आणि वकील खाली बसतात. पुढचा प्रश्न विचारला तर उत्तर असतं, ‘मामा म्हणाला, घाबरू नको, जे बघितलंस ते सांग.’ तो प्रश्न विचारण्याची जागा म्हणजे फेरतपास, उलटतपासानंतर सरकारी वकिलांना मिळणारी संधी. सरकारी वकिलांनी ती जागा सोडली तर कागदावर फक्त ‘मला मामाने सांगितले’ राहतं. फेब्रुवारी 2025 मध्ये मध्य प्रदेश राज्य विरुद्ध बलवीर सिंग या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पढवण्याबद्दल सविस्तर लिहिलं. तिथेही सात वर्षांच्या मुलीने आईच्या मृत्यूबद्दल साक्ष दिली होती, तिचा जबाब उशिरा नोंदला गेला होता आणि उच्च न्यायालयाने सुटका केली होती. सर्वोच्च न्यायालयाने साक्ष ग्राह्य धरून ती सुटका रद्द केली आणि खालच्या कोर्टाची शिक्षा पुन्हा लागू केली. पढवलं असेल एवढ्या नुसत्या शंकेने साक्ष जात नाही. पढवायची संधी होती आणि तसं घडल्याची वाजवी शक्यता दिसते, हे बचाव पक्षाने दाखवायला हवं. आणि पढवलेला भाग वेगळा काढता आला तर उरलेल्या भागावर विश्वास ठेवता येतो.

पढवलेलं ओळखायचं कसं? आम्ही तीन गोष्टी पाहतो. प्रश्नाचा क्रम उलटा केला तरी तेच वाक्य त्याच शब्दांत येतं का. तिला दिसणं शक्य नव्हतं ते ती सांगते का, उदाहरणार्थ बंद दारापलीकडचं. आणि आजूबाजूचं काही विचारलं, जसं की ‘तेव्हा छोटा भाऊ कुठे होता?’, तर ती उत्तर शोधते की गोंधळते. पाहिलेलं सांगणारं मूल स्वतःला दुरुस्त करतं, ‘नाही नाही, आधी टीव्ही बंद केला’ म्हणतं, आणि ‘ते मी नाही बघितलं’ सहज म्हणतं. पण पहिल्या खुणेबाबत सावध राहावं लागतं. ज्या मुलीने तीच हकीकत पोलिसांना, मॅजिस्ट्रेटना, बालकल्याण समितीला आणि दोन नातेवाईकांना सांगितली आहे, तिची वाक्यं आपोआपच घासून एकसारखी झालेली असतात. ते पढवणं नाही, ते आपण तिला किती वेळा बोलायला लावलं त्याचं माप आहे.

साक्ष वीस-पंचवीस मिनिटं झाली की विश्रांती मागावी. थकलेलं मूल प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हणायला लागतं, आणि सलग चार-पाच ‘हो’ आले की आम्ही हात वर करतो. विश्रांतीत तिच्याशी साक्षीबद्दल एक शब्दही बोलायचा नाही. पाणी, बिस्किट, बाथरूम. दाराशी कोर्टाचा माणूस उभा असेल तर अधिकच चांगलं, म्हणजे मध्ये कुणी काही शिकवलं असा आरोप होत नाही.

शेवटी साक्ष वाचून दाखवतात आणि साक्षीदाराची सही घेतात. हे काम अनेकदा दीड मिनिटात उरकतं, कारण सगळ्यांना जेवायला जायचं असतं. मुलीला मात्र इथे हळू, एकेक वाक्य, तिला कळेल अशा मराठीत वाचून दाखवायला लावावं. ‘यात मी न म्हटलेलं काही आहे का?’ हे तिने विचारायचं असतं, हे तिला आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं असतं. ती म्हणते, ‘डोक्यावर असं मी नाही म्हटलं.’ स्टेनो मागे जातो, ती ओळ काढतो. मग ती पाटीवर काढावं तसं एकेक अक्षर काढत आपलं नाव लिहिते.